आरटीआरला ‘हो’ म्हणण्याआधी एजन्सीला काय विचारायचं? (अमेरिका, कॉन्ट्रॅक्टची नोकरी, एच-१बी)

मंजिरी_ठाणे | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

माझी भाची शार्लटला डेटा इंजिनिअर आहे, एच-१बीवर. ३ ऑक्टोबर हा तिचा नोकरीचा आणि पगाराचा शेवटचा दिवस. आज एका एजन्सीचा फोन आला आणि पाठोपाठ ईमेल. त्यात लिहिलंय की तिथल्या एका मोठ्या बँकेत तिचं नाव फक्त तीच एजन्सी पाठवेल, मुदत ९० दिवस, रेट तासाला ६२ डॉलर डब्ल्यू-टू, म्हणजे एजन्सीच्या थेट पगारावर, आणि मान्य असेल तर तसं उलट ईमेलने कळवावं. रिक्रूटर म्हणतो आजच कळवा, उद्या जागा बंद होईल. पोर घाबरलेली आहे, हो म्हणायच्या बेतात आहे. त्याआधी नेमकं काय काय विचारून घ्यावं? जाणकारांनी कृपया सांगा.

---

अटलांटिक_किनारा | रात्री १०:१५

मंजिरीताई, आज रात्री तिला काहीही पाठवू देऊ नका. ज्या जागेसाठी एका रात्रीची उसंत मिळत नाही, ती जागा बहुतेक वेळा एजन्सीच्या हातात नसतेच.

या ईमेलला तिकडे सगळे आरटीआर म्हणतात, म्हणजे उमेदवाराने एजन्सीला दिलेली ‘माझं नाव तुम्ही पाठवा’ अशी परवानगी. ती मागण्यात गैर काही नाही, बहुतेक मोठे क्लायंट त्याशिवाय नाव स्वीकारतच नाहीत. प्रश्न असतो तो परवानगी किती रुंद आणि किती लांब द्यायची याचा.

रुंदी आधी बघा. ईमेलमध्ये ‘बँकेसाठी’ असं आहे, ‘या जागेसाठी’ असं नाही. एवढ्या मोठ्या बँकेत एका वेळी डेटाच्या कितीतरी जागा निघतात, वेगवेगळ्या टीमच्या, वेगवेगळ्या एजन्स्यांकडे. तिने हे जसंच्या तसं मान्य केलं, तर त्या सगळ्या जागांचे दरवाजे एका एजन्सीच्या किल्लीवर गेले. म्हणून पहिला प्रश्न: जागेचा क्रमांक काय? असे क्लायंट माणसं घेण्यासाठी फील्डग्लास किंवा बीलाइनसारखी प्रणाली वापरतात आणि तिथे प्रत्येक जागेला स्वतःचा क्रमांक असतो. फील्डग्लासच्या क्रमांकात सहसा `JP` ही अक्षरं दिसतात. क्रमांक मिळाला की परवानगी तेवढ्याच क्रमांकापुरती द्यायची.

आता लांबी. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि तिथे राहण्याची मुदत दाखवणारी आय-९४ नोंद त्याआधी संपत असेल तर तेवढेच. ३ ऑक्टोबरनंतर मोजलं तर साठावा दिवस येतो २ डिसेंबरला. एजन्सीचे ९० दिवस आजपासून धरले तर १२ जानेवारीला संपतात. म्हणजे तिचा तिथे राहण्याचा हक्क संपल्यावरही सहा आठवडे ही परवानगी जिवंत राहणार. तिच्याकडे आज ४९ दिवस आहेत, त्यातले सगळेच्या सगळे ती एका बँकेपुरते गहाण टाकतेय.

---

श्रीधर_के | रात्री १०:३२

एवढं टेन्शन घेऊ नका. आरटीआरला कायद्याने फारशी किंमत नाही. एजन्सी कोणाला कोर्टात खेचत नाही. तिला सांगा, तिघं मागतील तर तिघांना देऊन टाक, जो इंटरव्ह्यू लावेल तो आपला.

---

बकुळ | रात्री १०:५०

श्रीधर, कोर्टाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, एजन्सी सहसा एवढी खटपट करत नाही. पण मार बसतो तो कोर्टात नाही, क्लायंटच्या प्रणालीत. एकाच जागेवर एकाच माणसाचं नाव दोन एजन्स्यांकडून आलं की त्याला डबल सबमिशन म्हणतात आणि बरेच क्लायंट दोन्ही नावं बाद करतात. दोन एजन्स्यांच्या भांडणात पडायला मॅनेजरला वेळ नसतो, त्याच्याकडे आणखी वीस रेझ्युमे पडलेले असतात.

एकाच मुलीचं स्थळ तीन मध्यस्थांनी एकाच घरी आणलं, आणि तिघांच्या कागदावर पगार वेगळा, तर काय होईल? तेच.

---

श्रीधर_के | रात्री ११:०५

@बकुळ, दोन्ही बाद होत नाहीत. ज्याचं नाव आधी चढलं त्याचं धरतात. वेळेची नोंद असते.

---

बकुळ | रात्री ११:१२

काही क्लायंट तसं करतात, काही ज्याच्याकडे तारखेचा आरटीआर आहे त्याचं धरतात, काही दोघांनाही काढतात. कुठला क्लायंट काय करतो ते बाहेरून कळत नाही. ४९ दिवस हातात असताना हे कशाला आजमावून बघायचं?

---

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, पहाटे २:२०

हिंजवडीतून अमेरिकेच्या वेळेत रिक्रूटिंग करते, म्हणून टेबलाच्या या बाजूने थोडं लिहिते.

फोनवर क्लायंटचं नाव सांगायला आम्ही टाळाटाळ का करतो? कारण नाव कळलं की उमेदवार दुसऱ्या एजन्सीकडून किंवा थेट अर्ज करेल ही भीती. पण नाव न सांगता आरटीआर मागणं उलटं आहे. क्लायंट, जागेचा क्रमांक, ठिकाण, रेट, हे सगळं त्या ईमेलमध्येच असायला हवं. नाहीतर परवानगी कशाची दिली हेच लिहिलेलं नाही. ‘एका प्रतिष्ठित बँकेसाठी’ अशा आरटीआरवर उत्तर देऊ नये.

दुसरं विचारावं: तुमच्या आणि क्लायंटच्या मध्ये किती जण आहेत? बँकेच्या यादीत ज्या एजन्सीचं नाव आहे ती प्राइम व्हेंडर. नाव तिलाच चढवता येतं. फोन करणारी एजन्सी तिच्या खाली एक किंवा दोन पायऱ्यांवर असू शकते. ते चालतं, पण मग परवानगीत प्राइमचंही नाव हवं. ‘प्राइम कोण?’ या प्रश्नाला जो अडखळतो, तो बहुधा दुसऱ्याने पाठवलेली जाहिरात पुढे ढकलतोय.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही. काही वेळा जागा नसतानाच आरटीआर गोळा केले जातात. एजन्सीला प्राइमसमोर दाखवायचं असतं की ‘शार्लटमध्ये अशा कौशल्याचे दहा जण आमच्याकडे बांधलेले आहेत’. ओळखायचं कसं? जागेचा क्रमांक नाही, इंटरव्ह्यू कधी आणि कोण घेणार माहीत नाही, तुम्ही स्पार्क किती वर्षं वापरलंत वगैरे एकही प्रश्न नाही, पण मुदत मात्र लांबलचक. मंजिरीताई, तुमच्या ईमेलमध्ये यातलं बरंच दिसतंय. तरी जागा खरी असूही शकते, म्हणून विचारून बघा.

---

चाकणचा_पक्या | सकाळी ८:०५

आमच्या कंपनीत एजन्सीला एक्स्क्लुझिव्ह देताना ३० दिवसच देतो. त्यात माणूस आणला नाही तर जागा इतरांनाही खुली. फी वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे १२ लाखांच्या माणसामागे साधारण एक लाख, अधिक जीएसटी. माणूस ९० दिवसांत सोडून गेला तर बदली फुकट द्यायची. ताईंनी बदलीचं कलम नक्की लिहून घ्यावं.

---

बकुळ | सकाळी ८:२०

पक्याशेठ, इथे माणूस घेणारी कंपनी नाही, नोकरी शोधणारी मुलगी विचारतेय. :)

---

चाकणचा_पक्या | सकाळी ८:४१

अरे हो, घाईत वाचलं. पण मग आमच्या बाजूची एक गोष्ट तिच्या कामाची आहे. एजन्सीशी आमचा जो करार असतो त्यात लिहिलेलं असतं की त्यांनी पाठवलेला रेझ्युमे सहा महिने किंवा वर्षभर ‘त्यांचा’. त्या काळात तोच माणूस दुसरीकडून आला तरी फी पहिल्यांना द्यावी लागते. त्यामुळे एचआर म्हणतं नको ती कटकट, दुसरा बघा. अमेरिकेत असं असतं का?

---

अटलांटिक_किनारा | सकाळी ९:३०

असतं, आणि पक्या यांनी फार मोलाचा मुद्दा आणला. उमेदवाराने दिलेल्या परवानगीची मुदत एक, आणि एजन्सी व क्लायंटमधल्या करारातली मालकीची मुदत दुसरी. तिने १० दिवसांची परवानगी दिली आणि एजन्सीने दुसऱ्या दिवशी नाव चढवलं, तर अकराव्या दिवशी ती आपोआप मोकळी होत नाही. क्लायंटच्या नोंदीत ती अजून त्या एजन्सीचीच असते.

म्हणून दोन प्रश्न वाढवा. एक, नाव चढवल्यावर तुमची मालकी किती दिवस आणि कशावर, त्या एका जागेवर की पूर्ण क्लायंटवर? दोन, ठरलेल्या दिवसांत इंटरव्ह्यू आला नाही तर प्रणालीतून माझं नाव मागे घेणार का, आणि तसं लिहून देणार का? उमेदवाराने नुसता ‘परवानगी रद्द’ असा ईमेल केला तर पुढचं सबमिशन थांबतं, आधीचं पुसलं जात नाही. ते एजन्सीनेच काढावं लागतं.

---

इंद्रायणी_काठ | सकाळी १०:१०

सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे आणि जन्माचा दिवस-महिना पण मागतात. द्यायचे का? आणि पासपोर्टची प्रत?

---

रात्रपाळी | सकाळी १०:३५

शेवटचे चार आणि दिवस-महिना प्रणालीला खरोखर लागतात, त्यांवरूनच उमेदवाराची ओळख तयार होते आणि डबल सबमिशन पकडलं जातं. पण याचाच अर्थ असा की हे आकडे ज्याच्या हातात गेले, तो तुमचं नाव चढवू शकतो. म्हणून जागेचा क्रमांक आणि रेट लेखी आल्यावरच द्यावेत, पहिल्या फोनवर कधीच नाही. पूर्ण नंबर, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत इंटरव्ह्यूआधी देऊ नये, ते ऑफर आल्यानंतरचं काम.

शिवाय, चढवलेला रेझ्युमे पीडीएफमध्ये परत मागून घ्यावा. मधल्या पायरीवर कोणीतरी कौशल्यांच्या यादीत दोन-चार नावं घुसडतं आणि इंटरव्ह्यूत उत्तर मुलीला द्यावं लागतं.

---

तांबडं_फुटलं | सकाळी ११:००

रेटबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ६२ डॉलर डब्ल्यू-टू ऐकायला छान आहे. वर्षाचे २०८० तास धरले तर १,२८,९६० डॉलर. पण सुट्ट्यांचे पैसे मिळणार का ते विचारा. सणाच्या दहा आणि स्वतःच्या दहा सुट्ट्या बिनपगारी धरल्या तर १६० तास गेले, उरले १९२०, म्हणजे १,१९,०४०. जवळजवळ दहा हजारांचा फरक, शिवाय आरोग्य विम्याचा हप्ता कोण भरणार ते वेगळंच.

आणि दुसरी एजन्सी ‘सी-टू-सी ७०’ म्हणाली तर हुरळून जाऊ नये. ते ७० तिला नाही, ज्या कंपनीच्या नावावर तिचा व्हिसा असेल त्या कंपनीला मिळतात. तिथून ८०-२० वाटणी झाली तर तिच्या वाट्याला ५६, म्हणजे ६२ पेक्षा कमीच.

---

अटलांटिक_किनारा | सकाळी ११:२५

तांबडं यांनी नकळत सगळ्यात मोठ्या प्रश्नावर बोट ठेवलं. ‘ज्या कंपनीच्या नावावर तिचा व्हिसा असेल ती.’ आज अशी कंपनी आहे कुठे? ३ ऑक्टोबरपासून तिला मालकच नाही.

म्हणजे आधी विचारायला हवं: बँकेने हो म्हटलं तर माझं एच-१बीचं पिटिशन कोण भरणार? तुम्ही, प्राइम, की आणखी कोणी? बऱ्याच एजन्स्या डब्ल्यू-टू म्हणतात पण पिटिशन भरत नाहीत, त्यांना ग्रीनकार्ड किंवा नागरिकत्व असलेला माणूस हवा असतो आणि रिक्रूटरने तेवढं नीट वाचलेलं नसतं. हे इंटरव्ह्यूच्या दोन फेऱ्यांनंतर कळलं तर तीन आठवडे गेले.

तारखा उलट मोजून बघा. पिटिशन २ डिसेंबरच्या आत इमिग्रेशन खात्याकडे पोचायला हवं. त्याआधी श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे काम आणि पगार लिहिलेला मालकाचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो, त्याला कामाचे सात दिवस. मध्ये थँक्सगिव्हिंग आहे. बँकेचं पत्र, वकिलाचे कागद यांना आठवडा धरा. म्हणजे ऑफर १० ते १२ नोव्हेंबरपर्यंत हातात हवी. आजपासून चारच आठवडे. या हिशेबात एका जागेसाठी दहा दिवसांपेक्षा जास्त बांधून घेणं परवडत नाही.

---

श्रीधर_के | दुपारी १२:१०

साठ दिवसांत नाही जमलं तर बी-२ साठी अर्ज करून थांबता येतं की. लोक करतात.

---

अटलांटिक_किनारा | दुपारी १२:३०

साठ दिवसांच्या आत अर्ज केला तर तो प्रलंबित असेपर्यंत थांबता येतं, हे खरं. पण त्या काळात काम करता येत नाही, आणि नंतर नव्या मालकाने पिटिशन भरलं तरी ते भरल्याच्या दिवसापासून कामावर जाण्याची सोय तिला मिळेलच असं धरता येत नाही. तो रस्ता अडल्यावरचा आहे, आणि वकिलाला विचारूनच धरावा. एजन्सीच्या ९० दिवसांना हो म्हणण्यासाठी ते कारण होऊ नये.

---

मंजिरी_ठाणे | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:५०

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने काल प्रश्न ईमेलने पाठवले, फोनवर बोललीच नाही. उत्तरं आली ती अशी.

जागेचा क्रमांक दिला, त्यात `JP` आहे. एजन्सी प्राइम नाही, प्राइमच्या खालची आहे, प्राइमचं नाव सांगितलं. परवानगी फक्त त्या क्रमांकापुरती आणि १० दिवसांची करायला तयार. तेवढ्यात इंटरव्ह्यू नाही आला तर नाव मागे घेऊ म्हणतात, पण ‘प्राइमने मान्य केलं तर’ असं वाक्य जोडलंय. सुट्ट्या बिनपगारी. ‘उद्या जागा बंद होईल’ म्हणाले होते ती जागा अजून उघडीच आहे. आणि पिटिशन कोण भरणार, या प्रश्नावर ‘निवड झाल्यावर बघू’.

काल संध्याकाळी आणखी एका एजन्सीचा फोन आला. त्यांनी दिलेला क्रमांक तोच! तेही प्राइम नाहीत, पण पिटिशन स्वतः भरू असं त्यांनी लेखी दिलं. रेट मात्र ५८. आता काय करावं?

---

तांबडं_फुटलं | सकाळी ८:३०

चार डॉलर म्हणजे वर्षाला आठ हजारांवर फरक. पहिल्यांनाच आणखी एकदा नेट लावून विचारावं, ‘बघू’चं ‘हो’ करून घ्यावं.

---

बकुळ | सकाळी ८:४४

मी ५८ घेईन. पिटिशन नसलेले ६२ तिच्यासाठी शून्य आहेत.

---

रात्रपाळी | सकाळी ९:०५

दोघांनाही हो म्हणायचं नाही, हे तर ठरलंच. पहिल्या एजन्सीला आज लेखी विचारा की माझं नाव अजून कुठेही चढवलेलं नाही ना. तिने मान्यता दिलेली नाही, आकडेही दिले नसतील, तर चढलेलं नसावं, पण ते त्यांच्याकडून लेखी आलेलं बरं. तोपर्यंत दुसऱ्यांनाही थांबवा. दुसऱ्यांना हो म्हटल्यावर पहिल्यांना ताबडतोब नकार कळवा, ईमेलनेच, क्रमांक लिहून.

दुसऱ्यांनाही प्राइम कोण ते विचारलंत का? दोन्हींचा प्राइम एकच निघाला तर थेट प्राइमच्या रिक्रूटरला विचारता येईल की पिटिशन ते स्वतः भरतात का. मधली पायरी गळाली तर रेटही वाढू शकतो. पण आधी परवानगी देऊन मग असं करू नये, तो विश्वासघात होतो आणि प्राइमही मग हात लावत नाही.

---

अटलांटिक_किनारा | सकाळी ९:४०

५८ ला हो म्हणण्याआधी एक गोष्ट तपासा. पिटिशन भरणाऱ्याला एलसीएमध्ये शार्लटसाठी, त्या कामाच्या आणि त्या स्तराच्या प्रचलित वेतनापेक्षा कमी पगार दाखवता येत नाही. त्या वेतनाचे आकडे श्रम खात्याच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. एजन्सी कुठला स्तर धरणार ते विचारा आणि ५८ त्यात बसतात का ते पाहा. बसत नसतील तर एकतर रेट वाढेल, नाहीतर खालचा स्तर दाखवला जाईल, आणि अनुभवी माणसाला खालच्या स्तरावर दाखवलं की खात्याकडून शंकेचं पत्र यायची शक्यता वाढते.

अजून एक. मालक तेच होणार असतील तर बँकेचं काम मध्येच थांबल्यावरही त्यांना एलसीएतला पगार द्यावाच लागतो. त्यांनी नोकरीच्या करारात ‘काम असेल तेव्हाच पगार’ असं लिहिलं असेल तर ते एच-१बीच्या नियमात बसत नाही. तो करारही परवानगीआधी मागवून घ्या.

---

मंजिरी_ठाणे | सकाळी १०:१५

करार मागवला. दोन्हींचा प्राइम वेगळा आहे, म्हणजे तो रस्ता बंद. पहिल्यांकडून ‘नाव चढवलेलं नाही’ असं लेखी आलं. तिची संध्याकाळ झाली की वेतनाचे आकडे बघून इथे लिहिते. आज १६ तारीख, ४७ दिवस उरले.